अनुभव धागा: बैठकीची लिंक ग्रुपवर टाकली, तरीही "लिंक कोठे शे भो?"

केळीबाग_रावेर:
काल पुतणीच्या शाळेच्या ग्रुपवर पालकसभेची लिंक आली आणि तिच्याखाली दहा मिनिटांत सात जणांनी "कितला वाजता?" असे विचारले, तेव्हा मला आमची गेल्या वर्षीची केळी उत्पादकांची बैठक आठवली. नव्या लागवडीत व्हायरस दिसू लागला होता. त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्री असल्यामुळे सर्वांना एका जागी बोलावणे शक्य नव्हते, म्हणून बैठक फोनवरच घ्यायचे ठरले आणि निमंत्रणाचे काम माझ्याकडे आले.

मी हौसेने बॅनर तयार करून घेतला. वर केळीचा घड, मध्ये बैठकीचा विषय, खाली वेळ आणि त्याखाली लिंक. चित्रातली लिंक दाबता येत नाही, हे बॅनर पाठवल्यानंतर लक्षात आले. काहींनी ती अक्षरे पाहून हाताने टाइप केली, त्यात कोणी i च्या जागी l लिहिला. मग मी लिंक वेगळी टाकली, विषय तिसऱ्या मेसेजमध्ये टाकला आणि मध्ये कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्यामुळे तिन्ही एकमेकांपासून दूर गेले. रात्री आठ वाजता ग्रुपमधल्या 140 पैकी 19 जण आत होते आणि माझा फोन सतत वाजत होता.

दुसऱ्या वेळी सर्व मजकूर एकाच मेसेजमध्ये असा लिहिला:

> केळी बैठक: मंगळवार, 15 जुलै, रात्री 8 ते 9
> लिंक: meet.google.com/abc-defg-hij
> लिंक 7:50 पासून सुरू राहील.
> आत येण्यासाठी: 1) वरच्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवा. 2) Join किंवा Ask to join दाबा आणि थांबा, आत घेतले जाईल. 3) माइक बंद ठेवा.
> विषय: व्हायरस आलेली झाडे उपटल्यानंतर काय करावे (20 मिनिटे), माव्याची फवारणी (20 मिनिटे), पंचनाम्याची कागदपत्रे (20 मिनिटे).

लिंक इथे फक्त नमुन्याची आहे. मेसेज लांब झाला की व्हॉट्सॲप तो Read more च्या मागे दुमडते, म्हणून वार, वेळ आणि लिंक सर्वांत वर ठेवले आणि विषय शेवटी नेले. मेसेज आदल्या संध्याकाळी टाकून लगेच पिन केला. त्यानंतर कोणी लिंक मागितली की मी नवीन काही लिहीत नसे, त्याच मेसेजला रिप्लाय करून "हा पहा" एवढेच लिहीत असे. आपले अनुभव लिहावेत, विशेषतः कुठे फसलात ते.

बोरी_काठ:
एक महत्त्वाची गोष्ट राहिली. 40 मिनिटांनी बैठक आपोआप बंद पडते, त्यामुळे 8 ते 9 असे लिहिणेच चुकीचे आहे.

जळगाव_संगणक:
आपण म्हणता ती 40 मिनिटांची मर्यादा झूमच्या मोफत खात्याची आहे. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तिघांपेक्षा कमी नसतील तर 60 मिनिटे मिळतात. तरीही आपला मुद्दा पूर्ण सोडून देण्यासारखा नाही, कारण वरच्या मेसेजमधली 60 मिनिटे काठोकाठ भरलेली आहेत आणि कोणताही वक्ता वेळेवर थांबत नाही. आमची बैठक अशी मध्येच बंद झाली तेव्हा आम्ही त्याच लिंकवर पुन्हा आलो, परंतु ही सूचना आधी लिहिलेली नसल्यामुळे निम्मे लोक बैठक संपली असे समजून जेवायला बसले. "बंद पडल्यास हीच लिंक पुन्हा दाबावी" एवढी एक ओळ वाढवावी.

माझी फजिती मात्र वेगळी आहे. मी कार्यालयात नव्याने लागलेल्या मुलाला लिंक पाठवायला सांगितली आणि त्याने ग्रुपवर हे टाकले:

```
meet.google.com/new
```

ही बैठकीची लिंक नसून नवीन बैठक तयार करण्याचा पत्ता आहे. जो जो दाबेल त्याची स्वतःची वेगळी बैठक उघडते. आठ वाजता प्रत्येक जण आपल्या रिकाम्या खोलीत एकटाच बसून "कोणीच का आले नाही?" असे ग्रुपवर विचारत होता, आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर सर्व काही व्यवस्थित दिसत असल्यामुळे वीस मिनिटे कोणालाच कारण उमगले नाही. खरी लिंक ओळखण्याची खूण सोपी आहे: शेवटी तीन, चार आणि तीन अशी दहा इंग्रजी अक्षरे असतात. पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या फोनवरून उघडून पाहावी, कारण आपल्या स्वतःच्या फोनवर ती नेहमीच चालते.

शहाद्याची_लेक:
माझ्या सासूबाईंना फोनवर आवाजच येत नव्हता. शेवटी कळले की त्यांनी आणि सासऱ्यांनी एकाच खोलीत दोन फोनवरून बैठक लावली होती आणि आवाज घुमतो म्हणून दोन्हींचा आवाज बंद करून ठेवला होता. हे लिंकबद्दल नाही याची मला कल्पना आहे.

लिंकबद्दल सांगायचे तर, त्यांचा फोन मराठीत आहे. तुम्ही Join दाबा असे लिहिता तेव्हा त्या तो शब्द शोधत बसतात, कारण त्यांच्या पडद्यावर तो शब्दच नसतो. मी आता त्यांच्याच फोनचा स्क्रीनशॉट काढून त्यावर बाण करून वेगळा पाठवते.

केळीबाग_रावेर:
ताई, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. चित्राचा उपयोग लिंकसाठी नाही, बटण दाखवण्यासाठी आहे, एवढे मला आज कळले.

दुबईकर_अमळनेर:
गावच्या पाणी समितीच्या बैठकीला मी दोनदा दीड तास उशिरा पोहोचलो, कारण मेसेजमध्ये "8 वाजता" एवढेच होते आणि मी इथल्या घड्याळाने आठ वाजता लिंक दाबली, तेव्हा भारतात साडेनऊ झाले होते. चूक माझीच आहे हे आबा आजही सर्वांसमोर सांगतात. तरीही ग्रुपमध्ये बाहेरदेशी एक जण जरी असेल तर "भारतीय वेळ" हे दोन शब्द लिहावेत.

तापीकाठ_यावल:
एवढे सर्व लिहिण्यापेक्षा ग्रुप "फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील" असा करून ठेवावा. आम्ही तसेच करतो. कोणी विचारूच शकत नाही.

जळगाव_संगणक:
बापू, प्रश्न बंद होतात, अडचण बंद होत नाही. Ask to join दाबून बाहेर थांबलेल्या माणसाला आत घेणारे कोणी नसेल तर तो ग्रुपवर लिहिणार, आणि ग्रुप बंद असेल तर तो कंटाळून निघून जाणार. आमच्याकडे एकाच व्यक्तीला पहिली पंधरा मिनिटे फक्त आत घेण्याचे काम दिलेले असते. ज्याच्या खात्यावरून लिंक काढली त्यानेच बोलायला सुरुवात केली की दाराकडे कोणाचे लक्षच राहत नाही.

तापीकाठ_यावल:
आमच्या बैठकीला 60 जण येतात, आणि कोणाची तक्रार आलेली नाही.

शहाद्याची_लेक:
बापू, तक्रार येणार कुठून? ग्रुप तर तुम्हीच बंद केला आहे.

केळीबाग_रावेर:
मी मधला मार्ग म्हणून मेसेजच्या खाली माझा नंबर दिला होता. 7:55 ते 8:10 या वेळात इतके फोन आले की माझ्याच घरच्या बैठकीतला पहिला विषय मी ऐकला नाही. आता पुढच्या बैठकीत नंबर पुतण्याचा देणार आहे, त्याला अजून सांगितलेले नाही.