शब्दचर्चा : ‘लॉग’ आणि ‘ट्रेस’ यांत फरक काय?

प्रश्न (लातूर) : आमच्या भागातील एका सल्ला-ॲपला, जे भाषा-मॉडेलवर चालते, सोयाबीनच्या बियाण्याचे प्रमाण विचारले असता ‘एकरी 75 किलो’ असे उत्तर आले. चूक कळवल्यावर ॲपवाल्यांनी ‘लॉग आहे, पण ट्रेस नसल्याने कारण सांगता येणार नाही’ असे कळवले. दोन्हींचा अर्थ ‘नोंद’ असाच नव्हे काय?

हिंगोली, कृषी विभाग : 75 किलो हे प्रमाण हेक्टरी सांगितले जाते, एकरी ते सुमारे 30 किलो होते. आकडा बरोबर आहे, एकक चुकले आहे.

परभणी : आमच्या शाळेच्या संगणकावरही लॉग होत नाही, पासवर्ड चुकीचा दाखवतो.

नांदेड : परभणीकर, आपली अडचण लॉगिनची आहे, तो विषय वेगळा. हिंगोलीच्या सदस्यांमुळे निम्मा उलगडा झाला. आपल्या ॲपच्या लॉगमध्ये बहुधा प्रश्न आणि उत्तर एवढेच असावे. ट्रेसमध्ये त्याच प्रश्नाची प्रत्येक पायरी एका क्रमांकाखाली बांधलेली असते : माहितीसाठ्यातून कोणते उतारे निवडले गेले, ते जोडून मॉडेलला शब्दशः कोणता मजकूर गेला, मॉडेलची आवृत्ती कोणती होती आणि उत्तर काय आले. अशीच एक तक्रार मी तपासली होती, तीत उताऱ्याच्या पायरीवर हे दिसले :

```
span=retrieve chunk=soya_07
text="सोयाबीन | 75 | 45 x 5"
```

मूळ तक्त्याच्या शीर्षकात ‘किलो/हेक्टर’ होते, पण दस्तऐवजाचे तुकडे पाडताना शीर्षक आधीच्या तुकड्यात राहिले. मॉडेलपुढे एकक नव्हतेच, आणि शेतकऱ्याने एकराचे विचारले म्हणून त्याने एकर जोडला. मग तोच साठवलेला मजकूर शीर्षकासह अनेकदा पाठवून पाहिला. उत्तर दर वेळी सुधारले, तेव्हाच कारण पक्के मानले. उताऱ्यात ‘हेक्टर’ असूनही मॉडेलने ‘एकर’ म्हटले असते, तर दोष वेगळ्या पायरीवर शोधावा लागला असता.

छत्रपती संभाजीनगर : मॉडेलच्या उत्तरात दर वेळी किती फरक पडू द्यायचा हे ठरवणारे ‘टेंपरेचर’ शून्य ठेवले की उत्तर तेच येते. प्रश्न पुन्हा विचारून पाहावा, एवढा साठा कशाला?

नांदेड : शून्यावर उत्तर बऱ्याच अंशी स्थिर राहते, हमखास नाही. शिवाय तक्रार येईपर्यंत माहितीसाठा बदलला असेल, तर तोच प्रश्न वेगळेच उतारे उचलतो आणि मूळ चूक दिसतच नाही. जागा वाचवण्यासाठी अनेक जण दहांतील एकच ट्रेस ठेवतात. मग नेमका तक्रारीचा ट्रेस सापडत नाही. नापसंतीचे बटण दाबले गेलेले ट्रेस तरी पूर्ण ठेवावेत.

लातूर : पण त्या मजकुरात शेतकऱ्याचे नाव आणि मोबाइल क्रमांकही जातात.

नांदेड : साठवण्यापूर्वी ते झाकता येतात, मात्र गट क्रमांकही झाकला आणि उत्तर त्याच्यावरच अवलंबून असले, तर ट्रेस निरुपयोगी ठरतो. यावर आमच्याकडेही एकमत नाही.

हिंगोली : मराठीत ‘माग’ म्हणावे काय? चोराचा माग काढतात तसा.

छत्रपती संभाजीनगर : पैठणला ‘माग’ म्हटले की पैठणीचा माग आठवतो. ‘ट्रेस’च राहू द्यावा.