‘रूलो’ला मराठीत काय म्हणावं: गुठळी की चळत?

मसुदेकरीण: मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. रक्ताच्या स्मिअरच्या, म्हणजे काचेवर पसरलेल्या थेंबाच्या, अहवालात ‘रूलो फॉर्मेशन’ येतं, तिथे गाडी अडली. जुन्या मसुद्यात ‘रक्ताच्या गुठळ्या’ असं लिहिलंय. चालेल? आणि ‘मोनोक्लोनल प्रोटीन’चं काय करू?

डोंगरवाट: गुठळ्या ठीकच आहे की. पेशी एकमेकींना चिकटल्या म्हणजे गुठळीच.

काचपट्टी: नका हो तसं लिहू. गुठळी वाचून माणूस रक्त गोठलं असं समजेल, आणि इथे काहीच गोठलेलं नसतं. फ्रेंचमध्ये रूलो म्हणजे कागदात गुंडाळलेली नाण्यांची सुरळी. आपल्याकडे ‘चळत’ आयती आहे. लाल पेशी नाण्यांसारख्या एकावर एक रचल्या जातात. एरवी त्यांच्या पृष्ठभागावरच्या ऋण भारामुळे त्या एकमेकींना दूर ठेवतात. रक्तात प्रथिन फार वाढलं की ते अंतर मिटतं.

‘पुंजका’ मात्र वेगळा. त्यात प्रतिपिंडं पेशींना धरून ठेवतात आणि द्राक्षाच्या घोसासारखा वेडावाकडा आकार होतो. शंका आली तर प्लाझ्मा काढून सलाईन घालतो: चळत मोडते, पुंजका मोडत नाही. आणखी एक, स्मिअरच्या जाड भागात कुणाच्याही पेशी चळतीसारख्या दिसतात. पेशी जेमतेम एकमेकींना टेकतात तिथेच बघायचं. नवशिके इथेच फसतात.

पाटीपेन्सिल: माझा ईएसआर ५८ आलाय आणि अहवालात हाच रूलो शब्द आहे. म्हणजे मला मायलोमा?

काचपट्टी: तेवढ्यावरून नाही. जंतुसंसर्गात फायब्रिनोजेन वाढतं, त्यानेही चळती होतात. गरोदरपणातही होतात. ईएसआर म्हणजे लाल पेशी खाली बसण्याचा वेग. चळती लवकर खाली बसतात, म्हणून तो चढतो. डॉक्टरांना अहवाल दाखवा. एकूण प्रोटीन आणि अल्ब्युमिन यांत फार तफावत दिसली तर ते इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे प्रथिनं वेगवेगळी करून बघायची तपासणी, सांगतील.

उंबरठा: आमच्याकडे उलटं झालं. वडिलांची पाठ दुखायची, वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. स्मिअरवर चळत नव्हती, ईएसआर फक्त २२. लघवीच्या पट्टीवर प्रोटीन जेमतेम. पण क्रिएटिनिन दोन महिन्यांत १.४ वरून ३.९ वर गेलं. मग २४ तासांची लघवी तपासली, तर प्रोटीन ४.६ ग्रॅम! मायलोमाच निघाला. पट्टी खोटं बोलली का?

काचपट्टी: पट्टी तिच्यापुरतं खरंच बोलली. तिचा रंग मुख्यतः अल्ब्युमिनला बदलतो. तुमच्या वडिलांचा मायलोमा लाइट चेनवाला असणार. त्यात कर्करोगाच्या पेशी पूर्ण प्रतिपिंड बनवत नाहीत, फक्त त्याचा छोटा तुकडा बनवतात. तो मूत्रपिंडातून गळून जातो, रक्तात फारसा साचत नाही. म्हणून चळत नाही आणि ईएसआरही शांत. पण मूत्रपिंडाच्या नळ्यांत तिथल्या प्रथिनाशी जुळून त्याची बुचं होतात. पट्टी आणि २४ तासांचा आकडा यांतला हा विसंवाद हीच खूण. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, त्याने भर पडते.

मसुदेकरीण: या बुचांना इंग्रजीत ‘कास्ट’ म्हणतात, त्याला मी ‘साचा’ लिहिलं होतं.

काचपट्टी: साचा ही नळी. आत जमतं ते ओतीव. रुग्णासाठी ‘बूच’च बरं.

उंबरठा: कॅल्शियमही ११.८ होतं. सतत तहान, बद्धकोष्ठ, थोडं असंबद्ध बोलणं. आम्हाला वाटलं वयामुळे.

काचपट्टी: ते हाडांतलं कॅल्शियम. जास्त झालं की मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, लघवी वाढते, शरीर सुकतं, आणि लघवी कमी वाहू लागली की बुचं आणखी घट्ट बसतात. अल्ब्युमिन किती होतं? ते ३ असेल तर हिशेबात ४ पेक्षा कमी पडलेल्या दर १ ग्रॅमला ०.८ मिळवायचे, म्हणजे १२.६. पण हा अंदाजच. आयनाइज्ड कॅल्शियम मोजलेलं चांगलं.

डोंगरवाट: मग हाडांना ‘ठिसूळ’ म्हणू या. याला तरी हरकत नसावी!

काचपट्टी: आहे थोडी. ‘ठिसूळ’ म्हटलं की वयाने विरळ झालेली हाडं डोळ्यांपुढे येतात. तशीही होतात, पण इथे ठिकठिकाणी भोकं पडतात. हाड खाणाऱ्या पेशी चेकाळतात आणि बांधणाऱ्या दबून जातात. नवं बांधकाम फार कमी, म्हणून साधा बोन स्कॅन बरीच भोकं चुकवतो आणि अल्कलाइन फॉस्फेटेज बहुधा चढत नाही. ‘पोखरलेली’ लिहा.

मसुदेकरीण: चळत, बूच, पोखरलेली हाडं. लिहून घेतलं. मोनोक्लोनल राहिलं. ‘एकवंशी प्रथिन’? एकाच पेशीच्या वंशाने बनवलेलं, या अर्थाने.

काचपट्टी: अर्थाला अगदी चपखल.

उंबरठा: मला नाही पटत. ‘वंश’ वाचून माझ्या बहिणीचा पहिला प्रश्न हाच असता, की मग हे आपल्यालाही होणार का.

डोंगरवाट: ‘एकछापी’?

मसुदेकरीण: तूर्त ‘एम प्रोटीन’ ठेवते आणि खाली एक ओळ लिहिते. अजून कुणाला सुचलं तर सांगा.