पाच एकराला स्वतःचा ट्रॅक्टर?

मातीचा_माणूस: दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत पेरणी करणं म्हणजे भीक मागणं. पाच एकरवाल्यानंसुद्धा कर्ज काढून घ्यावा, चार वर्षांत फिटतो. भाडं भरणारे जन्मभर भरतच राहतात.

काळी_कसदार: "भीक" वाचून डोकं सणकलं, म्हणून लिहितोय. औसा तालुक्यात माझी पाच एकर. खरिपात सोयाबीन, ओल राहिली तर तीन एकर हरभरा. नांगरटी, रोटा, पेरणी सगळं भाड्यानं धरून गेल्या साली 34 हजार गेले. आता तुमचा ट्रॅक्टर घेऊ. 6 लाख कर्ज, पाच वर्षं, बारा टक्के, तर सहामाही हप्ता 81 हजारांच्या वर. वर्षाला 1 लाख 62 हजार. विमा, ऑइल, टायर अजून धरलेच नाहीत. घरचं काम फार तर साठ तासांचं. त्यातून डिझेल जाऊन वाचणार बावीसेक हजार, बाकीचे 1 लाख 40 हजार लोकांच्या रानातून काढायचे. आमच्याकडं रोट्याला एकरी 1400 मिळतात, पाच लिटर डिझेल आणि ड्रायव्हर वजा केला की 700 उरतात. म्हणजे दरसाल दोनशे एकर दुसऱ्याचं रान, आणि त्यात निम्मी उधारी. शेती सोडून भाड्याचा धंदा करा असं सरळ म्हणा की.

मातीचा_माणूस: कागदावर झ्याक आहे. पण मृगाचा पाऊस झाला की वाफसा चार दिवस टिकतो आणि भाडेवाला आधी तीस एकरवाल्याकडं पळतो. तुमचा नंबर पाचव्या दिवशी, तोवर परत पाऊस. आठवडा गेला. तो धरला का हिशेबात?

काळी_कसदार: नाही धरला. तेवढं खरं.

बांधावरची: मालकी, भाडं राहू द्या बाजूला. एकरी भाव ठरवला की ड्रायव्हर काय करतो ते बोला! दोन वर्षांमागं आमच्यात रोटा मारला. वरून रान असं की पापड वाळत घालावेत. मी विळा खुपसला, तर तीन बोटं गेला आणि खटकन थांबला. गिअर वरचा, रोटा उचललेला, तासात दीड एकर मोकळा. पुढं पावसात पाणी खाली जाईना, सोयाबीन पिवळं पडलं. तासावर ठरवलं तर तोच माणूस गोगलगायीसारखा चालतो.

सर्जाराजा: रोट्यानंच जमिनी मेल्या. बैल होते तेव्हा असलं काही नव्हतं. बैल ठेवा.

काळी_कसदार: अर्धं बरोबर बोललात. सालोसाल एकाच खोलीवर रोटा फिरला, त्यातही ओल्या रानात, की खाली थर घट्ट बसतो. ओल असताना लोखंडी सळई दाबून बघा. दहा ठिकाणी सारख्याच खोलीवर अडली तर थर, वेगवेगळ्या खोलीवर अडली तर दगड. थर असेल तर उन्हाळ्यात रान वाळल्यावर एकदा खोल फोडून घ्या, मग रोटा. आणि बैलांना बारा महिने कडबा कोण घालणार, तुम्ही?

सर्जाराजा: कडबा विकत घेणाऱ्यांनी शेती शिकवू नये.

नवा_शेतकरी: माझा महाडीबीटीत अनुदानाला नंबर लागलाय. दुकानदार म्हणतो आज बिल करा, भाव वाढणार. करू का?

बांधावरची: पूर्वसंमती हातात येईस्तोवर बिल करू नका. आमच्या दिरांनी केलं, अनुदान गेलं. आता धाग्याचं बोलू या?

आठजणांचा_गट: आम्ही आठ जणांनी ट्रॅक्टर घेतलाच नाही, फक्त बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर पेरणारं यंत्र घेतलं. ट्रॅक्टर भाड्यानं, यंत्र आमचं. पहिल्या साली नंबरासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि तिथंच फसलो. पहिली चिठ्ठी निघाली काळ्या रानाची, तिथं चिखल. माळावरचा हलका तुकडा पेरायला तयार होता, त्याचा नंबर सहावा. त्याची ओल उडाली, आणि दोघं अजून बोलत नाहीत. आता चिठ्ठी बंद. ज्याच्या रानाला वाफसा आधी, त्याचा नंबर आधी. मूठभर माती दाबून बघायची, हाताला चिकटली तर थांबायचं. एकरी 100 रुपये दुरुस्तीला बाजूला ठेवतो.

मातीचा_माणूस: आणि सगळ्यांच्या रानाला एकाच दिवशी वाफसा आला तर?

आठजणांचा_गट: मग भांडतो.

काळी_कसदार: फाळ कोणाच्या रानात मोडला ते कसं ठरवता? आमचा गट तिथंच फुटला. ज्याच्या रानात मोडला त्यानं भरायचं ठरलं होतं, तर प्रत्येक जण "आधीच चिरलेला होता" म्हणायचा.

आठजणांचा_गट: यंत्र देताना आणि घेताना दोघांनी मिळून बघायचं, वहीत सही करायची. तरी मागच्या जूनमधल्या एका दात्यावरनं वाद चालूच आहे.

मातीचा_माणूस: बरं, "भीक" शब्द मागे घेतो. ट्रॅक्टर नाही. माझे अजून सहा हप्ते आहेत. कुणाला औशाच्या बाजूला रोटा मारायचा असेल तर सांगा, एकरी 1400.

बांधावरची: मी विळा घेऊन मागं चालणार, चालेल?