मदत हवी आहे: जेवणाच्या टेबलावर पांढरी वर्तुळं आणि चिकटपणा, काहीच जात नाहीये

सायली_१
लाकडी पॉलिश केलेलं टेबल आहे. त्यावर पेल्यांची पांढरी वर्तुळं उठली आहेत आणि मधल्या भागात काहीतरी सांडून चिकट झालंय. पुसून पुसून हात दुखले. रविवारी घरी माणसं येणार आहेत. लवकर काय करता येईल ते सांगा. टेबलक्लॉथ घाला असं कृपया सांगू नका.

मिलिंद का
टूथपेस्ट. पांढरी घ्या, जेल नको. ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल चोळा. आमच्याकडचे डाग दोन मिनिटांत गेले होते.

रंधा
थांबा, चोळायला लगेच घेऊ नका. आधी माहिती द्या. पॉलिश कोणतं आहे? चपडा, लॅकर, मेलामाइन की पीयू? काय सांडलं होतं? वर्तुळं फक्त पेल्यांची आहेत की गरम भांडंही ठेवलं होतं? आणि पुसलं कशाने?

सायली_१
पॉलिश कोणतं ते मला कसं कळणार? टेबल सासूबाईंचं आहे, जुनं आहे, चकचकीत आहे. सरबत सांडलं होतं. पुसलं नेहमीच्या ओल्या फडक्याने, मग फर्निचर चमकवायचा स्प्रे मारला. त्यानंतर चिकटपणा उलट वाढलाय.

गौरी
आमच्या टेबलावर काच टाकली तेव्हापासून हा त्रास गेला. काचेखाली रबराच्या छोट्या चकत्या लावा, नाहीतर दमट हवेत काच खाली चिकटून बसते.

सायली_१
काच नको आहे. डाग काढायचे आहेत.

रंधा
म्हणजे आधी चिकटपणाचं बघायचं. साखर वाळून बसली आहे आणि तिच्यावर स्प्रेचा तेलकट थर आला आहे. तो थर असेपर्यंत पाणी खालच्या साखरेपर्यंत पोचत नाही, म्हणून नुसत्या ओल्या फडक्याने काही होत नाही.

मऊ सुती फडकं टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवा आणि तेवढाच भाग हलक्या हाताने पुसा. तेलकट थर निघून येईल. खिडक्या उघड्या ठेवा. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, फडकं अगदी घट्ट पिळा आणि साखर विरघळेपर्यंत थोडं थोडं पुसा. लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. खरवडू नका, घासणी वापरू नका. साखर विरघळायला वेळ लागतो, जोर लागत नाही.

हे झाल्याशिवाय वर्तुळांना हात लावू नका. साखरेवर उष्णता दिली तर ती पॉलिशमध्ये भाजून बसते.

अनुप
उष्णता कशाला? मिलिंद म्हणतात ते बरोबर आहे. वर्तुळ म्हणजे वरचा थर खरखरीत झालेला असतो, टूथपेस्टने तो गुळगुळीत होतो.

रंधा
पांढरं वर्तुळ बहुतेक वेळा खरखरीतपणाने येत नाही. पॉलिशच्या थरात ओलावा शिरतो आणि प्रकाश विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. टूथपेस्ट थोडी घासणारी असते, तिने वरचा थर झिजतो. डाग अगदी वरवरचा असेल तर जातोही. पण जुन्या चकचकीत टेबलावर मग तेवढाच भाग मंद दिसतो आणि उजेड तिरका पडला की हाताचे गोल गोल फटकारे दिसतात.

मिलिंद का
आमचं टेबल अजूनही चांगलं दिसतं. अनुभवाचं सांगतोय.

रंधा
तुमच्यावर पीयू असेल तर तो कडक असतो, झिजला तरी पटकन कळत नाही. सायलीताईंचं टेबल वेगळं असू शकतं.

वैदेही
इस्त्री करून बघा! वर्तुळावर सुती कापड ठेवायचं, वाफ बंद करायची, इस्त्री अगदी कमी गरम, दोन-तीन सेकंद ठेवून उचलायची आणि बघायचं. माझ्या बहिणीच्या टेबलावर डाग डोळ्यांदेखत गेला.

रंधा
ही पद्धत खरी आहे, पण चपडा पॉलिशवर जपून. तो थोड्या उष्णतेनेही मऊ पडतो आणि कापडाची वीण त्यावर उठते. आधी पॉलिश ओळखा.

टेबलाच्या पायाची आतली, न दिसणारी बाजू घ्या. पाटाची खालची बाजू नको, तिथे बहुतेक वेळा पॉलिशचा एखादाच हात असतो. तिथे कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा आणि अर्ध्या मिनिटाने बोट लावून बघा. चिकट झालं तर चपडा. काहीच झालं नाही तर दुसऱ्या जागी थिनरचा थेंब लावा. त्याने मऊ पडलं तर लॅकर, तरीही काही झालं नाही तर पीयूसारखा कडक थर.

सायली_१
दुपारी टर्पेंटाइन आणि मग साबणाच्या पाण्याने केलं. मधला चिकटपणा गेला! फडकं पिवळट झालं होतं. स्पिरिटचा थेंब लावला, तिथे बोट चिकटलं. म्हणजे चपडा ना? पण काठांना, जिथे आम्ही हात टेकवतो, तिथे अजून चिकट लागतंय. आता वर्तुळं?

रंधा
हो, चपडा. आता इस्त्री नको आणि टूथपेस्टही नको. सुती फडक्याची घट्ट पुरचुंडी करा. तिला स्पिरिट इतकंच लावा की गालाला लावली तर गार वाटेल, पण ओली वाटणार नाही. मग विमान उतरून लगेच उडावं तशी वर्तुळावरून झरकन फिरवा, मध्ये थांबू नका. थांबलात तर पुरचुंडी तिथेच चिकटेल आणि पॉलिश ओढून काढेल. एकदा फिरवून दोन मिनिटं वाळू द्या, मग पुन्हा. स्पिरिट वरचा थर क्षणभर मऊ करतं, ओलाव्याला वाट मिळते, आणि थर परत जुळून येतो. जवळ ज्योत नको. आधी पायाच्या आत हात बसवून घ्या.

अनुप
स्पिरिट चपडा विरघळवतं आणि तुम्ही तेच लावायला सांगताय? त्यापेक्षा पेट्रोलियम जेली रात्रभर लावून ठेवायला सांगा, निदान नुकसान नाही.

रंधा
भीती रास्त आहे, जास्त स्पिरिट लागलं तर खरंच टेबल बिघडतं. ज्यांना हाताचा भरवसा नाही त्यांनी जेलीच लावावी. ताज्या, उथळ डागांना तिने फरक पडतो, खोल गेलेल्यांना सहसा नाही.

मंदार
माझ्या टेबलावर वर्तुळ काळं आहे. हेच करू का?

रंधा
नाही. काळं म्हणजे पाणी पॉलिशखाली लाकडात उतरलं आहे. बऱ्याचदा लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांच्यामुळे तो रंग येतो. त्याला पॉलिश काढून ऑक्झॅलिक आम्ल लावावं लागतं. ते विषारी आहे, हातमोजे हवेत. वेगळा धागा काढा.

सायली_१
आधी पायाच्या आत सराव केला, मग वर. पेल्यांची वर्तुळं गेली. एक मोठं वर्तुळ फिकट झालंय, पण आहे. तिथे बहुधा गरम पातेलं होतं. अजून फिरवू?

रंधा
आता थांबा. गरम भांड्याचा डाग बऱ्याचदा खोल असतो. जास्त फिरवलंत तर तिथला थर पातळ होऊन लाकूड उघडं पडेल. आज रात्री त्यावर जेली ठेवून सकाळी पुसा. नाही गेला तर पॉलिशवाल्याकडून चपड्याचे एक-दोन पातळ हात मारून घ्यावे लागतील.

काठांचं वेगळं आहे. टर्पेंटाइनने पुसून वाळल्यावर परत चिकट लागलं, तर घाम आणि हाताच्या तेलाने पॉलिशच मऊ पडलं असेल. ते पुसून जात नाही. आणि पॉलिशवाल्याला स्प्रेबद्दल आधीच सांगा. त्यात सिलिकॉन असेल तर नवीन पॉलिश जागोजागी फाकतं आणि बारीक खळगे पडतात.

वैदेही
मी अजूनही म्हणते, त्या एका डागाला हेअर ड्रायर लावून बघा. इस्त्रीपेक्षा सौम्य असतो.

सायली_१
काठ आत्ता परत पुसले, वाळल्यावर बघते. ड्रायर लावू का, रंधा?

रंधा
कमी उष्णतेवर, लांबून, तळहात मध्ये धरून. हाताला सोसवत नसेल तर पॉलिशलाही नाही. पण आज नको. स्पिरिट पूर्ण उडून थर कडक होऊ द्या, उद्या बघा.