विषय: नर्सिंगमधून टीपीएत, इंटरव्ह्यूनंतरचा मेल

स्नेहा (परळ): नमस्कार मंडळी, मी सध्या मुंबईतच आहे. 11 वर्षं आयसीयूत काढली आणि काल अंधेरीला एका टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांसाठी आरोग्य विम्याचे क्लेम्स हाताळणाऱ्या कंपनीत, क्लेम्सच्या कामासाठी इंटरव्ह्यू दिला. मॅडमनी विचारलं, दहा कॅशलेस फायली एकदम आल्या तर आधी कुठली उघडाल? मी गडबडून "जी आधी आली ती" म्हणून गेले. आता आभाराचा मेल लिहायला बसले तर दीड पान झालंय, खाली चिकटवलाय, जरा बघाल का?

दिलीपकाका: आजच्या आज पाठव, उद्यावर ढकलू नकोस. आणि अनुभव सगळा लिही, रेझ्युमे पुन्हा जोड, नर्स म्हटल्यावर त्यांना काय कळणार.

विद्याताई: काका, आजच पाठवायचं हे बरोबर, पण रेझ्युमे त्यांच्या समोरच होता हो. स्नेहा, तू टीमवर्क, संवादकौशल्य असे सात गुण लिहिलेस, ते कुणीही लिहितं. मी वीस वर्षं माणसं निवडली, मनात शंका एकच असते, इथे ती म्हणजे पेशंटजवळ राबलेली मुलगी दिवसभर कागद नीट वाचेल का. त्या फायलींच्याच प्रश्नाकडे परत जा. आयसीयूत ड्युटी घेताना तू बेड नंबरने जायचीस का?

स्नेहा: छे, ज्याची तब्येत ढासळतेय त्याच्याकडे आधी.

विद्याताई: मग हेच लिही की. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसच्या मंजुरीला 1 तास आणि डिस्चार्जच्या वेळी 3 तास आहेत, म्हणजे जिची वेळ भरत आलीय ती फाइल आधी. असं काहीसं: "काल फायलींच्या प्रश्नाला मी घाईत उत्तर दिलं. वॉर्डात मी हातात किती वेळ उरलाय त्यावरून क्रम लावायचे, इथेही तसाच लावेन. एकदा डिस्चार्ज समरीत व्हेंटिलेटर 3 दिवस आणि चार्टवर 5 दिवस होतं, फाइल जायच्या आधी मी ते डॉक्टरांकडून दुरुस्त करून घेतलं." पुढे आभाराची एक ओळ, बस. पेशंटचं नाव, हॉस्पिटल, तारीख अजिबात नको.

मंदार: मी बँक सोडून शाळेत गेलो तेव्हा असाच मेल पाठवला होता, उत्तरच आलं नाही. फोन केलेला बरा ना?

विद्याताई: फोन कामाच्या मध्येच येतो रे. मेल सवडीने वाचतात, पुढेही पाठवता येतो.

दिलीपकाका: पण चूक आपणहून कशाला सांगायची? त्या कदाचित विसरल्याही असतील.

विद्याताई: त्यांनी ते उत्तर लिहून घेतलं असेल तर? बघ बाई, तुला पटेल तसं कर.

स्नेहा: ताई, "घाईत" ठेवलंय, "चुकलं" नाही लिहिलं. मॅडमचा पत्ता नाही म्हणून एचआरला पाठवतेय, त्यांच्यापर्यंत पोचवा अशी विनंती करून. मेल आता नऊ ओळींचा झालाय, व्हेंटिलेटरची गोष्ट ठेवलीय.