वॉर्डनला कन्सोलसाठी अर्ज : हमी कसली देताय?

खोली_२१४ (राजारामपुरी): "माननीय वॉर्डन साहेब, खोलीत प्लेस्टेशन ५ ठेवण्यास व चौघांत एक असलेला इथरनेट पॉइंट त्यासाठी वापरण्यास परवानगी मिळावी. अभ्यासावर परिणाम होणार नाही, याची हमी देतो. पॉइंट वाटून घ्यायला रूममेटचा राउटर आहे." उद्या देतोय. काय बदलू?

वायरवाला: हमी वाचूनच डोकं फिरलं. आणि राउटर? तो शब्द आधी खोड. आमच्या हॉस्टेलात एका पठ्ठ्यानं भिंतीतली वायर राउटरच्या LAN पोर्टात खोचली. झालं, मजल्याला तो राउटरच आयपी वाटायला लागला. दिवा पेटलेला, वायर ठणठणीत, पण लॉगिनचं पान उघडेना. ज्यांना आधीच आयपी मिळाला होता त्यांचं मात्र चालू, म्हणून दोन दिवस आम्ही वायरीच तपासत बसलो. शेवटी एकाच्या लॅपटॉपवर 192.168.0 ने सुरू होणारा आयपी दिसला, आमचे सगळे 10 ने सुरू व्हायचे. साधा पाच पोर्टचा स्विच घे, तो आयपी वाटत नाही.

मेसचा_बळी: कन्सोलच नको. एक गेम खेळतो, बाकी तिघांचं नेट रडतं.

वायरवाला: खेळण्यानं नाही रे, डाउनलोडनं. ५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर पूर्ण वेगानं उतरला तरी तासाभराहून जास्त लाइन खातो. डाउनलोड रात्री एकनंतरच, असं अर्जात लिही. त्या हमीपेक्षा बरं.

मेसचा_बळी: बरं बाबा, डाउनलोडनं. रडतं ते रडतंच.

जुना_बोर्डर: शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं ते पोरांनी शिकावं म्हणून! माझा पाणी तापवायचा रॉड वॉर्डननं जप्त केला, डिसेंबरात गार पाण्यानं आंघोळ केली. आणि यांना कन्सोल.

खोली_२१४: काका, रॉड १५०० वॅटचा. हा खेळताना २०० च्या आसपास.

जुना_बोर्डर: वॅट मला शिकवू नकोस! फ्यूज माझ्या रॉडनं उडाला नव्हता, शेजारच्या शेगडीनं उडाला होता. शिक्षा मला.

मेसचा_बळी: शेगडीवर आम्ही अंडी उकडायचो. मेसचं खाऊन दाखवा आधी, मग बोला.

जुना_बोर्डर: म्हणजे शेगडीवाले तुम्हीच!

लॅबची_ताई: अंडी बाजूला ठेवा. वायरवाले, स्विचही सगळीकडे चालत नाही. आमच्याकडे एका पोर्टवर एकच मॅक ॲड्रेस चालायचा, दुसरं यंत्र दिसलं की पोर्ट बंद. शिवाय पीएस५ ला उघडा ब्राउझर नाही, लॉगिनचं पान अडकतं. Console Information मधला LAN चा मॅक ॲड्रेस अर्जातच द्या आणि नेट बघणाऱ्यांकडून नोंदवून घ्या.

वायरवाला: आमच्याकडे तसं नव्हतं. पण हो, विचारून घे. ताई जिंकल्या, खूश?

खोली_२१४: हमी खोडली, मॅक ॲड्रेस लिहिला. तिघा रूममेटच्या सह्या घेतोय, एक जण सहीला मिसळ मागतोय.

जुना_बोर्डर: माझा रॉड अजून मिळालेला नाही.