यांत्रिक की सेंद्रिय? क्विझमधले प्रश्न आणि आपापल्या ऑफिसातले अनुभव

दुपारचाचहा:
भाचीचं एमबीएचं पहिलं वर्ष चालू आहे. काल तिची ऑर्गनायझेशन थिअरीची क्विझ झाली आणि ती मला फोनवर प्रश्न वाचून दाखवत होती (टेस्ट संपल्यावर हं, उगाच शंका नको 😀). एक प्रश्न असा होता की कंपनीची मागणी वर्षानुवर्षं तीच, तंत्र तेच, स्पर्धा फक्त दराची, तर तिला मेकॅनिस्टिक रचना जमेल, म्हणजे सगळं नियमाने आणि वरच्याच्या सहीने चालणारी, की ऑर्गॅनिक, म्हणजे गरजेप्रमाणे कामं आणि अधिकार बदलणारी. ती म्हणाली मावशी, ऑर्गॅनिकच ना, तीच मॉडर्न आहे. आणि मला एकदम आमची सूतगिरणी आठवली. लग्नाआधी मी तिथे टाइम ऑफिसला होते, इचलकरंजीकडे. तिथे प्रत्येक खात्याला एक जाडजूड फाइल, कुठल्या काउंटला किती पीळ, कुठला ट्रॅव्हलर, हवेत दमटपणा किती, सगळं त्यात लिहिलेलं. मशीनचा स्पीड बदलायचा तर स्पिनिंग मास्तरची सही लागायची म्हणजे लागायचीच. आणि खरं सांगते, उत्तम चालायचं! रोज तेच चाळिसाचं सूत, तोच व्यापारी, कशाला कोणी डोकं चालवायचं?

मग मालकांनी पॉलिस्टर मिक्स सुताच्या छोट्या छोट्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. दर थोड्या दिवसांनी लॉट बदल. फाइलीत ते नव्हतंच, मग जॉबर चिठ्ठी लिहिणार, चिठ्ठी सुपरवायझरकडे, तिथून मास्तर, मास्तर मीटिंगला. तोवर मशीन बंद आणि डॉफर पोरी आमच्या ऑफिसच्या दारात शेंगदाणे खात उभ्या. माणसं तीच होती हो, फाइलही तीच. भाचीला म्हटलं, कंपनी मॉडर्न आहे का हे बघू नकोस, बाहेरचं किती हलतंय ते बघ.

तुमच्याकडे असलं काही घडलं असेल तर लिहा. परीक्षावाल्यांनी पण लिहा.

गूळखोबरं:
आमचं ऑर्गॅनिक गुळाचं छोटं युनिट आहे कराडजवळ, सर्टिफिकेटचा फार त्रास होतो, दरवर्षी तपासणीवाले येतात. त्याला कुठली रचना चांगली?

निवांत_नेने:
गूळखोबरं 🤣🤣 धागा परत एकदा वाचा. पण तुमच्या तपासणीवाल्यांच्या वह्या बघितल्या तर तुम्ही मेकॅनिस्टिकच निघाल बहुतेक.

गूळखोबरं:
असू दे. गूळ हवा असेल तर मेसेज करा.

हिंजवडीचा_बळी:
आमच्याकडे पूर्ण ऑर्गॅनिक आहे, बॉसच नाही कोणी, सगळे एकाच टेबलावर, टायटल बियटल काही नाही. ऑर्गॅनिक म्हणजे हायरार्की शून्य. क्विझमध्ये हे लक्षात ठेवलं की झालं.

जुना_मास्तर:
बळी, अर्धं बरोबर. बॉस नाही असं तुम्हाला वाटतंय, पण रात्री सर्व्हर पडला की सगळे कोणाच्या तोंडाकडे बघतात? तो तुमचा वरचा माणूस. ऑर्गॅनिकमध्ये उतरंड असते, फक्त ती खुर्चीवरून ठरत नाही, ज्याला त्या प्रश्नातलं जास्त कळतं त्याचं चालतं. आणि दुसरा प्रश्न आला की माणूस बदलतो. त्यामुळे पर्यायात ‘हायरार्की अजिबात नसते’ असं आलं तर बिनधास्त काट मारा.

ही कल्पना बर्न्स आणि स्टॉकर यांची, 1961 सालचं पुस्तक. त्यांनी ब्रिटनमधल्या वीसेक कंपन्या बघितल्या, त्यातल्या बऱ्याच स्कॉटलंडच्या. दुपारचाचहा, तुमची फाइल वाचून मला हसूच आलं, कारण त्यांच्यातही एक रेयॉनची गिरणी आहे आणि तिथे प्रत्येक खातेप्रमुखाकडे एक जाड ग्रंथ असायचा, कारखान्याचं बायबल म्हणायचे त्याला. काय करायचं, किती बिघडलं की कोणाला कळवायचं, सगळं त्यात. आणि ती गिरणी नफ्यात होती! हे कोणी शिकवत नाही. त्यांनी यांत्रिक रचनेला नावं ठेवलेली नाहीत, बाजार आणि तंत्र स्थिर असेल तर तीच योग्य असं स्पष्ट म्हटलंय.

परीक्षा_परीक्षा:
सर नेटचा फॉर्म भरलाय. मला एवढंच सांगा स्टेबल म्हणजे मेकॅनिस्टिक, डायनॅमिक म्हणजे ऑर्गॅनिक, बरोबर? बाकी वाचायला वेळ नाही

जुना_मास्तर:
बरोबर, पण प्रश्न इतका सरळ येत नाही. धंद्याचं नाव देऊन फसवतात. ‘एक मोठी मोबाइल कंपनी’ लिहिलं की पोरं ऑर्गॅनिकला टिक करतात, आणि पुढच्या ओळीत लिहिलेलं असतं की ती एकच जुनं मॉडेल लाखांनी बनवते आणि सगळा भर खर्च कमी करण्यावर. तिथे उत्तर यांत्रिक. नाव सोडा, वाक्यातली क्रियापदं बघा. काय बदलतंय, किती वेळा बदलतंय, आणि बदललं की आधी लिहून ठेवलेलं उत्तर चालतं का. चालत नसेल तर ऑर्गॅनिक.

समाजशास्त्र_शेवटचं_वर्ष:
एक मिनिट, हे उलटं नाही का? आम्हाला शिकवलं की मेकॅनिकल म्हणजे साधा जुना समाज, सगळे एकसारखे, आणि ऑर्गॅनिक म्हणजे श्रमविभागणी, प्रत्येकाचं वेगळं काम. इथे तर तुम्ही म्हणताय की कामाचे बारीक तुकडे मेकॅनिस्टिकमध्ये असतात??

जुना_मास्तर:
ते दर्खाइमचं, 1893 चं, समाज कशाने बांधलेला राहतो त्याबद्दल. नावं जवळपास तीच आणि मांडणी उलटी, त्यामुळे सोशिऑलॉजीची पोरं मॅनेजमेंटच्या पेपरात इथेच घसरतात. तुझ्या वहीत दोन वेगळी पानं ठेव, एकावर दर्खाइम आणि एकावर कंपन्या. मिसळू नकोस.

कुकरची_शिट्टी:
मास्तर तुमचं वाचता वाचता माझ्या डाळीचं पिठलं झालं 😂 पण मला एक सांगा, बाजार बदललाय हे दिसतं तर कंपन्या बदलत का नाहीत? आमच्या ह्यांच्या ऑफिसात गेली कित्येक वर्षं ‘आता आपण फ्लेक्सिबल होणार’ चाललंय.

जुना_मास्तर:
वहिनी, पुस्तकाचा गाभाच हा आहे, आणि क्विझमध्ये हाच येत नाही. युद्धानंतर स्कॉटलंडच्या जुन्या इंजिनिअरिंग कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक्समध्ये उतरवायचा प्रयत्न झाला. सरकारच्या संरक्षणखात्याची कामं द्यायची, कंपनीने त्यावर प्रयोगशाळा उभारायची, शिकून पुढे बाजारात उतरायचं, असा बेत. बऱ्याच ठिकाणी फसला. प्रयोगशाळा उभी राहिली पण बाजूला, वेगळ्या कोपऱ्यात. जुन्या खात्यांच्या साहेबांना ती तरुण शास्त्रज्ञ पोरं डोळ्यात सलत होती, कारण उद्या माहिती त्यांच्याकडे आणि मान पण त्यांच्याकडे. म्हणजे वरून विरोध तंत्राला, आतून खुर्चीसाठी.

आणि मग अडचण आली की हे लोक काय करायचे बघा. एक तर प्रत्येक जण मधल्या साहेबाला टाळून थेट एमडीकडे. दोन, प्रयोगशाळा आणि शॉपफ्लोअरचं जमत नाही म्हणून मध्ये एक समन्वय अधिकारी नेमायचा, मग त्याला मदतनीस, मग त्यांचं खातं. आता गंमत अशी की भांडण मिटलं तर ह्या खात्याची नोकरी जाते! तीन, कमिटी. ती कधीच संपत नाही.

कुकरची_शिट्टी:
अहो हे समन्वयवाले आहेत आमच्या ह्यांच्याकडे!! आज संध्याकाळी वाचून दाखवते. तीन नंबरची कमिटी पण आहे, तिच्यात चहासोबत सामोसे असतात म्हणून कोणी सोडत नाही.

लोटे_परशुराम:
मी केमिकल प्लांटला आहे, शिफ्ट इनचार्ज. मला ह्या क्विझचा राग येतो. आमच्याकडे परमिटशिवाय कोणी पाना पण उचलू शकत नाही, एसओपी म्हणजे देव. मुलाच्या पुस्तकात मात्र प्रोसेस इंडस्ट्री ऑर्गॅनिक लिहिलंय. कोणी लिहिलं हे?

जुना_मास्तर:
जोन वुडवर्ड. इंग्लंडमध्ये साउथ एसेक्सच्या 100 कंपन्या बघितल्या होत्या बाईंनी. एकेक नग बनवणारे, ढिगाने बनवणारे, आणि तुमच्यासारखे पाइपातून अखंड बनवणारे. दोन्ही टोकं ऑर्गॅनिककडे झुकलेली आणि मधले, म्हणजे असेंब्ली लाइनवाले, यांत्रिक. तुम्हीच सांगा, रात्री तीनला रिअ‍ॅक्टरचं तापमान चढायला लागलं तर काय होतं?

लोटे_परशुराम:
पॅनलवाला ओरडतो. मी, फिटर, लॅबचा केमिस्ट, इन्स्ट्रुमेंटवाला सगळे कंट्रोल रूममध्ये. तेव्हा कोणाचा ग्रेड काय हे कोणी बघत नाही, मागे एकदा फिटरनेच सांगितलं की व्हॉल्व्ह अडकलाय, सेन्सर ठीक आहे, आणि त्याचंच ऐकलं. पण त्यानंतर व्हॉल्व्ह खोलायला परमिट काढलंच ना! म्हणजे दोन्ही आहे. एकच टिक कशी करणार?

जुना_मास्तर:
क्विझमध्ये ऑर्गॅनिकला करा 🙂 प्लांटमध्ये परमिट काढा. नेहमीचं काम मशीनच करतं, माणसाकडे उरतं ते अडचणीचं, म्हणून बाईंना तसं दिसलं. पण धोक्याच्या धंद्यात नियमही लागतात, तिथे तुमचं म्हणणं मला पटतं.

परीक्षा_परीक्षा:
सर तुम्ही वुडवर्ड काढलं म्हणून विचारते. पुस्तकातल्या तक्त्यात मेकॅनिस्टिकला नॅरो स्पॅन आहे, म्हणजे एका साहेबाखाली थोडी माणसं. पण वुडवर्डमध्ये मास प्रॉडक्शनच्या फोरमनखाली 48 माणसं, प्रोसेसमध्ये 15. मास प्रॉडक्शन मेकॅनिस्टिक ना? मग स्पॅन नॅरो कसा?? दोन्ही एकाच चॅप्टरमध्ये आहे आणि क्लासवाले म्हणतात पाठ कर

जुना_मास्तर:
वा! वेळ नाही म्हणता म्हणता नेमका विचारलास. माझं उत्तर असं की 48 हा आकडा सगळ्यात खालच्या पायरीचा आहे. तिथे काम इतकं ठरलेलं की नियमच देखरेख करतात, फोरमनला प्रत्येकाच्या मागे उभं राहावं लागत नाही. तक्ता सगळ्या उतरंडीबद्दल बोलतो. पण खरं तर तक्त्याने हे सोपं करून टाकलंय. ‘मेकॅनिस्टिकची वैशिष्ट्यं’ विचारलं तर नॅरो, ‘वुडवर्डच्या अभ्यासात’ असं म्हटलं तर 48.

निवांत_नेने:
मला नाही पटत मास्तर. नियम देखरेख करत असतील तर सगळ्याच यांत्रिक कंपन्यांत स्पॅन मोठा हवा, फक्त खाली कशाला? बँकेत आमच्या एका मॅनेजरखाली पाच जण आणि नियमांचं तर पुस्तकावर पुस्तक.

हिंजवडीचा_बळी:
मास्तर तुमचं ते सर्व्हरचं खरं आहे. एक काकू आहेत टेस्टिंगला, सगळे त्यांच्याकडेच बघतात. फक्त वैताग असा की माझं काम नक्की कुठे संपतं हे कोणालाच माहीत नाही, शनिवारी पण फोन.

जुना_मास्तर:
हेही स्कॉटलंडमध्ये होतं. ऑर्गॅनिक कंपनीतले मॅनेजर तेव्हाही हेच कुरकुरत होते, आपलं काम काय ते धड सांगा म्हणून. नेने, तुमच्या बँकेचं उद्या लिहितो, नातू फोन ओढतोय.

दुपारचाचहा:
भाचीला लिंक पाठवलीये. तिचं म्हणणं पुढच्या आठवड्यात मॅट्रिक्स स्ट्रक्चर आहे, मास्तरांना पळून जाऊ देऊ नका. लोटेवाले, तुमच्या फिटरला बढती मिळाली का?

लोटे_परशुराम:
नाही हो. ग्रेडमध्ये बसत नाही म्हणे.

कुकरची_शिट्टी:
गूळखोबरं, दोन किलो पाठवाल का पुण्याला? काकवी पण असेल तर सांगा.